मतदार यादीतली एक ओळ : नाव-पत्त्याच्या दुरुस्तीसाठी निवडणूक कार्यालयाला पत्र

आज आपण एका साध्या कागदाबद्दल बोलणार आहोत. मतदार यादीत आपलं नाव चुकीचं छापलं आहे किंवा पत्ता चुकला आहे, तर निवडणूक कार्यालयाला पत्र कसं द्यायचं, कुणाला द्यायचं, त्यात काय लिहायचं आणि दिल्यावर काय पाहायचं, एवढाच विषय. पण पत्राकडे वळण्याआधी थोडं यादीकडे पाहू, कारण यादी कशी बांधलेली असते हे लक्षात आलं, की पत्र कसं लिहायचं ते आपोआप कळतं.

यादीत आपण म्हणजे एक ओळ

आपल्याकडे मतदार यादी विधानसभा मतदारसंघाप्रमाणे तयार होते. प्रत्येक मतदारसंघाला क्रमांक असतो. मतदारसंघाचे पुढे भाग पाडलेले असतात, आणि साधारणपणे एक भाग म्हणजे एका मतदान केंद्राची यादी. भागाच्या पहिल्या पानावर त्यात कोणत्या वस्त्या, गल्ल्या, सोसायट्या येतात ते दिलेलं असतं. मग अनुक्रमांकाने एकेक मतदार येतो : नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक. हा क्रमांक, ज्याला आपण एपिक नंबर म्हणतो, साधारणपणे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा असतो.

म्हणजे मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि एपिक नंबर सांगितले, की कार्यालयातला माणूस थेट आपल्या ओळीवर बोट ठेवू शकतो. ‘माझं नाव चुकलंय, कृपया दुरुस्त करा’ असं नुसतं पत्र पडून राहतं, त्याचं मुख्य कारण हेच आहे. एका मतदारसंघात लाखो नावं असतात. तुमची ओळ शोधण्याचं काम तुम्ही कार्यालयावर सोपवलंत, तर ते मागे पडणार.

अनुक्रमांकाबद्दल एक सावधगिरी. यादीचं पुनरीक्षण झालं, की अनुक्रमांक बदलू शकतात, कधी भाग क्रमांकही बदलतो. मागच्या निवडणुकीची चिठ्ठी घरात जपून ठेवलेली असते आणि लोक त्यावरचे आकडे पत्रात उतरवतात. तसं करू नका. voters.eci.gov.in वर एपिक नंबर टाकून आजचा भाग आणि आजचा अनुक्रमांक पाहा, आणि जमलं तर त्या भागाची यादी उतरवून आपली ओळ डोळ्यांनी वाचा.

कोणती चूक किती गंभीर?

नावात वेलांटी चुकली, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, तर मतदान करता येत नाही असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की यादीतली नोंद ज्या व्यक्तीची आहे तीच व्यक्ती समोर उभी आहे अशी खात्री पटली, तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याने किरकोळ लेखनाच्या आणि छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करायचं आहे. म्हणजे ‘सुनीता’ऐवजी ‘सुनिता’ छापलं म्हणून कुणी परत पाठवू नये.

पण ‘खात्री पटली तर’ या तीन शब्दांत सगळं आहे. नाव, नातं, लिंग, फोटो यांतलं दोन-तीन ठिकाणी बिघडलं, की खात्री पटवणं अवघड होत जातं, आणि रांगेत उभं राहून ते पटवत बसण्यापेक्षा आधीच दुरुस्ती करून घेतलेली बरी.

पत्त्याची चूक मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि आज आपण जास्त भर तिच्यावरच देणार आहोत. पत्ता चुकला तरी मतदानाच्या दिवशी बहुतेकदा काही होत नाही, म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत. धोका दोन निवडणुकांच्या मधल्या काळात असतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरोघरी पडताळणीला येतात तेव्हा त्यांच्या हातात यादीतला पत्ता असतो. यादीत फ्लॅट सात लिहिलंय, तुम्ही राहता सतरामध्ये. सातमधले लोक सांगतात, ‘या नावाचं इथं कुणी राहत नाही.’ ते खोटं बोलत नाहीत. पण कागदावर त्याचा अर्थ ‘स्थलांतरित’ असा होऊ शकतो, आणि तिथून नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते.

आता कायदा काय म्हणतो? १९५०च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम २२ सांगतं, की माणूस त्या ठिकाणी राहत नाही या कारणाने नाव वगळण्याआधी त्याला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. ही फार महत्त्वाची तरतूद आहे. पण ती संधी देणारी नोटीस कुठल्या पत्त्यावर जाणार? यादीतल्याच. म्हणजे चुकलेल्याच पत्त्यावर. ती तुमच्यापर्यंत पोचलीच नाही, तर उत्तर कोण देणार? घर क्रमांकातल्या एका आकड्यामुळे नाव जाऊ शकतं ते असं, आणि कळतं थेट मतदानाच्या दिवशी. नावातली वेलांटी थांबू शकते, पण पत्त्याची दुरुस्ती थांबवू नये.

आधी ठरवा : ही दुरुस्ती आहे की स्थलांतर?

पत्त्याबाबत एक फरक नीट करायला हवा. तुम्ही पहिल्यापासून तिथेच राहता आणि यादीत चुकीचं छापलं गेलं, तर ती दुरुस्ती. तुम्ही घर बदललंत आणि यादीत जुनं घर आहे, तर ते स्थलांतर. दोन्हीला अर्जाचा नमुना एकच आहे, नमुना ८. पूर्वी त्याच मतदारसंघातल्या स्थलांतराला नमुना ८अ होता, तो ऑगस्ट २०२२पासून बंद झाला. आता नमुना ८मध्येच स्थलांतर, नोंदीतली दुरुस्ती, ओळखपत्र बदलून मिळणं आणि दिव्यांग म्हणून नोंद असे चार पर्याय असतात. चुकीच्या पर्यायावर खूण केली, तर अर्ज वेगळ्याच वाटेने जातो. आणि मतदारसंघच बदलला असेल, तर अर्ज नव्या ठिकाणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे करायचा, जुन्या ठिकाणच्या नव्हे.

इथे बरेच जण एक आडवाट घेतात. जुनी नोंद चुकीची आहे ना, मग नमुना ६ भरून नवीनच नाव घालू. हे करू नका. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे, आणि तसं प्रतिज्ञापन त्यात द्यावं लागतं. एकाच मतदारसंघात दोनदा किंवा दोन मतदारसंघांत एकेकदा नाव असणं कायद्याला मान्य नाही. जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापन दिलं, तर कलम ३१खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पुढे दुबार नावं शोधली जातात, तेव्हा दोनपैकी कोणती नोंद उडेल याचा भरवसा नाही.

नावाची चूक येते कुठून?

मराठी नावांच्या बाबतीत चुकांचा एक मोठा झरा आहे, तो म्हणजे लिप्यंतर. यादीत नाव मराठीतही असतं आणि इंग्रजीतही. संगणकावर इंग्रजीत नाव टाकलं, की मराठी रकाना आपोआप भरला जातो. आता Kale असं टाकलं तर ते काळे, कळे, काले, कले यांतलं काहीही होऊ शकतं. यंत्राला ‘ळ’ कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ‘ज्ञानेश्वर’चं ‘द्न्यानेश्वर’ झालेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंग्रजी नाव बरोबर दिसलं म्हणून मराठी बरोबर असेल असं धरू नका, दोन्ही वेगवेगळी तपासा. आणि ऑनलाइन नमुना ८ भरताना मराठी रकाना आपोआप भरला, की तो हाताने सुधारा. नाहीतर जी चूक काढायला अर्ज केला, तीच पुन्हा आत जाईल.

एक उदाहरण घेऊ

उदाहरणातली व्यक्ती आणि तिचे क्रमांक आपण बनवलेले आहेत. पुण्यात कोथरूड मतदारसंघात, ज्याचा क्रमांक २१० आहे, सुनीता काळे नावाच्या एक बाई राहतात असं धरू. यादीतली त्यांची ओळ अशी : नाव ‘सुनिता कले’, वडिलांचं नाव ‘रमेश कले’, घर क्रमांक ७. प्रत्यक्षात रमेश हे त्यांचे पती आहेत आणि फ्लॅट १७ आहे. इंग्रजीत नाव बरोबर आहे. एका ओळीत तीन चुका, आणि तिन्हींना पुरावा वेगळा लागणार.

नावाला आधार कार्ड चालेल, पण त्यावरचं मराठी नाव आधी वाचून घ्यावं. तिथेही ‘कले’ असेल, तर ते जोडून आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देतो. पती असल्याचं विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून दिसेल. पत्त्याला वीज, पाणी किंवा गॅस यांचं बिल चालतं, मात्र त्या पत्त्यावरची जोडणी किमान वर्षभराची हवी. बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, नोंदणी झालेला भाडेकरार किंवा खरेदीखत हेही चालतं. सुनीताबाईंच्या घरचं बिल पतीच्या नावावर आहे. पतीचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तर ते जोडता येतं आणि विवाह प्रमाणपत्र दोघांचा दुवा जुळवतं. प्रती स्वसाक्षांकित करायच्या, म्हणजे प्रत्येक प्रतीवर आपली सही.

आता पत्र. कायद्याच्या दृष्टीने खरा अर्ज म्हणजे नमुना ८. नुसत्या पत्रावर दुरुस्ती होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पत्र त्याच्या वर जोडायचं, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धं पान वाचून सगळं कळावं आणि आपल्याकडे आवक शिक्क्याची प्रत राहावी. ते असं लिहिता येईल :

> प्रति,
> मा. मतदार नोंदणी अधिकारी,
> २१० कोथरूड विधानसभा मतदारसंघ, पुणे.
>
> विषय : मतदार यादीतील नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत. नमुना ८ सोबत जोडला आहे.
>
> संदर्भ : भाग क्रमांक ११२, अनुक्रमांक ४८६, मतदार ओळखपत्र क्रमांक ABC1234567.
>
> महोदय/महोदया,
>
> वरील नोंद माझी आहे. तीत पुढील तीन चुका आहेत.
>
> १. नाव : यादीत ‘सुनिता कले’ असे आहे. ‘सुनीता काळे’ असे हवे. इंग्रजी नाव बरोबर आहे, त्यात बदल नको. पुरावा : आधार कार्डाची प्रत.
>
> २. नातेसंबंध : यादीत ‘वडील – रमेश कले’ असे आहे. ‘पती – रमेश काळे’ असे हवे. पुरावा : विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
>
> ३. घर क्रमांक : यादीत ‘७’ आहे. ‘१७’ हवा. मी घर बदललेले नाही, क्रमांक चुकीचा नोंदला गेला आहे. पुरावा : वीज बिलाची प्रत. बिल पतीच्या नावावर असून त्यांची नोंद याच भागात आहे.
>
> माझे नाव अन्य कोठेही मतदार म्हणून नोंदलेले नाही. पडताळणीसाठी येताना कृपया फ्लॅट १७ येथे यावे. दुरुस्ती नाकारली गेल्यास कारणासह लेखी कळवावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, पूर्ण नाव, खरा पत्ता, मोबाइल क्रमांक, दिनांक)
>
> सोबत : नमुना ८, पुराव्यांच्या तीन स्वसाक्षांकित प्रती.

या पत्रात प्रत्येक चुकीला ‘काय आहे, काय हवं, पुरावा कोणता’ ही एकच चाल आहे. ‘मी घर बदललेले नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलंय, नाहीतर कार्यालय ते स्थलांतर समजेल. ‘फ्लॅट १७ येथे यावे’ हेही तितकंच गरजेचं, कारण बीएलओ यादीतल्याच पत्त्यावर गेले तर दुरुस्तीचा अर्जही ‘व्यक्ती आढळली नाही’ म्हणून फेटाळला जाऊ शकतो. आणि जे बदलायचं नाही तेही लिहिलंय, म्हणजे बरोबर असलेल्या इंग्रजी नावाला कुणी हात लावणार नाही.

पत्र द्यायचं कुणाला?

मतदार नोंदणी अधिकाऱ्याला. गावाकडे त्यांचं काम तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेतून चालतं, तिथे तहसीलदार बहुधा सहाय्यक मतदार नोंदणी अधिकारी असतात. मोठ्या शहरांत मतदारसंघाचं वेगळं कार्यालय असतं. कोणतं ते कळत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारता येतं. बीएलओंकडेही अर्ज देता येतो, पण पोच मागून घ्या. ऑनलाइन अर्ज केला तर संदर्भ क्रमांक मिळतो. तो मिळाल्यावर वरचं पत्र त्या क्रमांकासह कार्यालयात दिलं तरी चालेल.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक आली, की लोक राज्य निवडणूक आयोगाकडे किंवा पालिकेत नावदुरुस्तीला जातात. पण स्थानिक निवडणुकांसाठी विधानसभेचीच यादी घेतली जाते आणि ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. नाव चुकीच्या प्रभागात गेलं, तर ती हरकत पालिकेकडे. मूळ यादीतलं नाव, नातं, घर क्रमांक मात्र मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडेच सुधारावं लागतं.

पत्र दिल्यावर

अर्ज आला की त्याची प्रत कार्यालयात लावून हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. बीएलओ पडताळणी करतात, मग अधिकारी निर्णय घेतात. म्हणून आठवड्याच्या आत दुरुस्ती झाली नाही तर घाबरू नका. निर्णय झाल्यावर मोबाइलवर संदेश येईलही, पण त्यावर थांबू नका. यादी पुन्हा उघडा आणि आपली ओळ वाचा. दुरुस्ती कधी मूळ यादीत दिसत नाही, तिच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत दिसते. तिथे पाहायला विसरू नका.

आणि वेळेची शेवटची रेघ. निवडणूक जाहीर झाली, की उमेदवारी अर्ज भरण्याच्या अंतिम दिवसानंतर त्या मतदारसंघाच्या यादीत दुरुस्ती, नाव घालणं किंवा वगळणं यातलं काहीच करता येत नाही. हे कायद्यातच आहे, कलम २३मध्ये. अधिकाऱ्याने ठरवलं तरी त्याला ते करता येणार नाही. सात दिवसांची हरकतीची मुदत तिच्या आधी संपायला हवी. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, पत्र त्याआधीच जायला हवं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमच्या अख्ख्या इमारतीचा पत्ता चुकलाय. चाळीस जणांनी चाळीस अर्ज करायचे का?*

प्रत्येकाची ओळ वेगळी आहे, त्यामुळे प्रत्येकाचा नमुना ८ हवा, हे खरं. पण कलम २२ अधिकाऱ्याला अर्जाशिवाय, स्वतःहूनही चूक सुधारण्याचा अधिकार देतं. त्यामुळे सोसायटीने एक सामायिक पत्र द्यावं : भाग क्रमांक, सगळ्यांचे अनुक्रमांक आणि एपिक नंबर यांचा तक्ता, आणि इमारतीचा बरोबर पत्ता दाखवणारा एक कागद. त्या पत्रात कलम २२चा उल्लेख करून स्वतःहून दुरुस्ती करण्याची विनंती करावी. तरी ज्यांचा घर क्रमांक पार दुसऱ्याच गल्लीचा आहे, त्यांनी स्वतंत्र अर्ज भरून ठेवावा.

*लग्नानंतर आडनाव बदललं. ही चूक म्हणायची का?*

तुम्ही जे नाव आज वापरता आणि ज्याचा कागद आहे, ते नोंदवून घेता येतं. बदलणं सक्तीचं नाही. माहेरचं नाव ठेवलं, तरी ती नोंद चुकीची ठरत नाही. मात्र ‘पती’ आणि ‘वडील’ या रकान्यात जे नाव आहे ते खरोखर त्याच नात्याचं असावं.

*अर्ज फेटाळला तर?*

म्हणूनच पत्रात कारण लेखी मागितलंय. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध कलम २४खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्याला मुदत आदेशापासून पंधरा दिवसांची आहे. कारण ‘पुरावा अपुरा’ एवढंच असेल, तर अपिलापेक्षा योग्य कागद जोडून नवा नमुना ८ भरणं लवकर होतं. पण ‘व्यक्ती पत्त्यावर राहत नाही’ असं लिहिलं असेल, तर ते तसंच सोडू नका. तेच वाक्य पुढे नाव वगळण्याचा आधार होऊ शकतं. आवक शिक्क्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा घेऊन मुदतीत अपील करा.